भरून जाताना १२, रिकामं येताना २४, तरी १८ चा हिशोब का बसत नाही?

मांजराकाठ (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, मांजरा नदीच्या काठावरचा. घरचा ट्रॅक्टर आहे, मागं दोन ट्रॉल्या लावून हंगामात ऊसवाहतूक करतो. यंदा गुडघ्यामुळं स्वतः बसणं जमत नाही, म्हणून चालक ठेवलाय.

आमचा फड ते कारखाना २४ किलोमीटर. भरलेला ट्रॅक्टर जाताना ताशी १२ ने जातो, रिकामा येताना २४ ने येतो. मी साधा हिशोब धरला: १२ आणि २४ मिळून ३६, त्याचं निम्मं १८. जाऊन-येऊन ४८ किलोमीटर, त्याला १८ ने भागलं की २ तास ४० मिनिटं. कारखान्यावरच्या रांगेचा वेळ टोकन आणि काट्याच्या पावतीवर छापलेला असतो, तो मी वेगळा लिहितो. तो वजा करूनही दर खेपेला वीस मिनिटं जास्तीची निघतात. एखाद्या दिवशी नाही, सलग पंधरा दिवस. कधी अठरा, कधी बावीस, पण वीसच्या आसपासच.

मागच्या आठवड्यात मी चालकाला विचारलं की बाबा, वाटेत कुठं टेकतोस? तो काहीच बोलला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. चार वर्षांपासून ओळखीचा माणूस आहे, मला ते फार लागलं.

काल आठवीतला मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेची गणितं सोडवत होता. त्यात असंच जाण्या-येण्याचं गणित निघालं. माझी वही बघून म्हणाला, "पप्पा, १८ नाही, १६ येतंय." मला अजून पटलेलं नाही. दोन आकड्यांची सरासरी निम्म्यावरच असते ना? कुणी नीट समजावून सांगेल का?

---

भरती२४तास (रविवार, रात्री ९:२५)

दादा, तुमचा मुलगा बरोबर आहे. मी नांदेडला पोलीस भरतीची तयारी करतोय, आम्हाला क्लासमध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. जाणं-येणं असलं की डोळे झाकून सूत्र लावायचं: 2xy/(x+y). म्हणजे दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले दोन वेगांची बेरीज. २ × १२ × २४ = ५७६, भागिले ३६, उत्तर १६. दहा सेकंदांचं काम. प्रवासात दोन वेग दिसले की हेच सूत्र, दुसरा विचार करायचाच नाही.

---

पिकअपवाला_जालना (रविवार, रात्री ९:४८)

भाऊ, ट्रॅक्टरला १८ चं अ‍ॅव्हरेज कुणी सांगितलं तुम्हाला? माझी पिकअप भरलेली असली की लिटरला १० देते आणि रिकामी १५ देते. तुमच्या दोन ट्रॉल्यांना १६ सुद्धा कधी पडणार नाही. फिल्टर बदला, डिझेल पंप तपासून घ्या. चालकाला बोलण्याआधी मिस्त्रीकडं न्या.

---

मांजराकाठ (रविवार, रात्री ९:५५)

पिकअपवाले भाऊ, मी डिझेलचं अ‍ॅव्हरेज नाही विचारत, वेगाचं विचारतोय. ताशी किती किलोमीटर ते.

भरतीवाले, १६ धरलं तर ४८ भागिले १६ म्हणजे बरोबर ३ तास. माझे वीस मिनिटं सापडले! पण सूत्र असं का आहे ते सांगा ना. सूत्रावर विश्वास ठेवून मी चालकापुढं कसा उभा राहू?

---

परभणीच्या_बाई (सोमवार, सकाळी ६:५०)

मी परभणीला तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि दरवर्षी वर्गातल्या हुशार मुलांचाही १८ असाच यायचा. परीक्षेतल्या पर्यायांमध्ये १८ मुद्दाम ठेवलेला असतो.

सूत्र बाजूला ठेवा. घड्याळ घ्या. तुमचा ट्रॅक्टर १२ च्या वेगानं किती वेळ चालला? २४ किलोमीटर, म्हणजे दोन तास. आणि २४ च्या वेगानं किती वेळ? एकच तास. आता तासातासानं लिहा. पहिल्या तासाला १२, दुसऱ्या तासाला १२, तिसऱ्या तासाला २४. तीन तासांची बेरीज ४८, भागिले तीन, १६. सरासरी निम्म्यावर येईल असं तुम्ही म्हणता, पण १२ दोनदा आलेत आणि २४ एकदाच. १२ ची बाजू जड आहे. संथ वाट घड्याळाचा जास्त वेळ खाते, म्हणून सरासरी संथ बाजूला झुकते.

तुमचे १८ केव्हा बरोबर ठरले असते? चालकानं एक तास १२ ने आणि एक तास २४ ने चालवलं असतं तर. तेव्हा दोन तासांत ३६ किलोमीटर झाले असते, आणि सरासरी १८. अंतर सारखं नाही, वेळ सारखा असला तर निम्मं करायचं.

एक विचारू का? भरलेल्या ट्रॅक्टरचा वेग १२ आहे हे तुम्हाला कसं कळलं? ट्रॅक्टरच्या मीटरवर?

---

मांजराकाठ (सोमवार, सकाळी ७:३०)

बाई, नमस्कार. मीटर तर तीन वर्षांपासून बंद आहे. हंगामाच्या सुरुवातीला मी एक दिवस शेजारी बसून गेलो होतो. फडातून निघालो ते कारखान्याच्या गेटवर पोचेपर्यंत बरोबर दोन तास. २४ भागिले २, म्हणून १२. येताना एक तास लागला, म्हणून २४.

---

परभणीच्या_बाई (सोमवार, सकाळी ७:४१)

मग दादा, दोन तास आणि एक तास हे तर तुमच्या हातातच होते! त्यांची बेरीज तीन. तुम्ही तासांचे वेग केले, वेगांचं निम्मं केलं आणि त्या निम्म्याचे परत तास केले. या फेऱ्यात वीस मिनिटं हरवली. चालकानं हरवली नाहीत.

---

मांजराकाठ (सोमवार, सकाळी ७:४४)

बाई, हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "जाणे २ तास, येणे १ तास." आणि पुढची सगळी पानं २:४० नं भरली आहेत.

---

बालाघाटची_लेक (सोमवार, दुपारी १:१५)

मी बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जायचे, माझी लहानपणीची सहा वर्षं कोपीत गेली. तेव्हा आमची बैलगाडी होती. फड कारखान्यापासून सहा किलोमीटरवर. भरलेली गाडी ताशी तीनच्या चालीनं जायची, म्हणजे दोन तास. रिकामी चारच्या चालीनं, दीड तास. दादांच्या पद्धतीनं निम्मं केलं तर साडेतीन येतात. खरी सरासरी काढली: १२ किलोमीटर भागिले साडेतीन तास, ३.४३. फरक पडतो तो चार-पाच मिनिटांचा. आमच्या अण्णांना असला हिशोब कधीच चुकल्यासारखा वाटला नसेल.

म्हणजे दोन वेग जवळजवळ असले तर निम्मं करून भागतं, असं म्हणता येईल का? दादांचे वेग एकमेकांच्या दुप्पट आहेत म्हणून ते उघडं पडलं?

आणि एक सांगायचं होतं. अण्णांचा दिवस त्या साडेतीन तासांनी कधीच संपला नाही. काट्यावर गाडी रात्रभर उभी राहायची. बैल सोडून आई चुलीपाशी वाट बघायची. एकूण वेळ म्हणताना रांग वजा करून टाकता, ते मला बरं वाटलं नाही.

---

परभणीच्या_बाई (सोमवार, दुपारी २:०५)

ताई, तुमचा पहिला मुद्दा अगदी बरोबर. दोन वेग जितके एकमेकांपासून लांब, तितकी चूक मोठी. ३ आणि ४ मध्ये ती दिसत नाही, १२ आणि २४ मध्ये वीस मिनिटांची होते. आणि चूक नेहमी एकाच बाजूला होते: अंतर सारखं असताना निम्मं केलं की वेळ कमीच येतो, जास्त कधी येत नाही. म्हणूनच पंधरा दिवसांत एकदाही चालक "लवकर" आला नाही.

रांगेबद्दल दादांनीच सांगावं.

---

मांजराकाठ (सोमवार, संध्याकाळी ६:२०)

ताई, तुमचं म्हणणं लागलं. आजच्या पहिल्या खेपेची सगळी चिठ्ठी इथं मांडतो.

सकाळी ६:१० ला फडातून निघाला. टोकनवर वेळ ८:१०. काट्यावर भरलेलं वजन ११:४० ला झालं. गव्हाणीत ऊस रिकामा करून, रिकामं वजन १२:२५ ला. तिथून सरळ निघाला आणि १:२५ ला फडात हजर. म्हणजे वाटेवर दोन आणि एक, तीन तास. पहिल्यांदाच कळलं की माणूस घड्याळासारखा चालवतोय. कारखान्यात सव्वाचार तास गेले. सगळं मिळून सव्वासात तास.

४८ ला सव्वासातनं भागलं तर ताशी साडेसहाच्या थोडं वर येतं. आता हा पण सरासरी वेगच म्हणायचा का?

---

भरती२४तास (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

नाही दादा. परीक्षेत थांबण्याचा वेळ सांगितला नसेल तर धरत नाहीत. उत्तर १६ च. साडेसहा लिहिलं तर मार्क जाईल.

---

परभणीच्या_बाई (सोमवार, संध्याकाळी ७:३०)

परीक्षेपुरतं खरं आहे. पण दादांना परीक्षा द्यायची नाही, खेपा मोजायच्या आहेत. चालक कसा चालवतो हे बघायचं असेल तर १६ बघा. दिवसाला किती खेपा होतील हे ठरवायचं असेल तर सव्वासात तास बघा. चोवीस तासांत तीन खेपा सुद्धा जेमतेम बसतात, आणि त्यात फडात ट्रॉल्या भरायचा वेळ अजून धरलेलाच नाही. १६ च्या आकड्यावर चार खेपांचा शब्द मुकादमाला दिला असेल तर तो पाळला जाणार नाही.

---

मांजराकाठ (सोमवार, रात्री ८:१०)

दिलाय बाई. चार खेपांचाच दिलाय. टोळी ऊस तोडून ठेवते आणि ट्रॉली येत नाही, म्हणून मोळ्या उन्हात पडून राहतात, वजन घटतं.

आता मी चालकाला म्हणायच्या बेतात होतो की जाताना १२ नं जाऊ दे, भरलेलं आहे, पण येताना जरा ओढ. म्हणजे निदान १८ ची सरासरी तरी पडेल. किती नं आलं म्हणजे पडेल?

---

भरती२४तास (सोमवार, रात्री ८:३५)

सूत्र उलटं लावलं. येताना ३६ पाहिजे.

---

परभणीच्या_बाई (सोमवार, रात्री ९:००)

३६ बरोबर आहे, पण ते कसं होतं ते बघा, म्हणजे तुम्ही चालकाला तसं सांगणारच नाही. १८ ची सरासरी म्हणजे एकूण २ तास ४० मिनिटं. त्यातले दोन तास जातानाच गेले. उरली ४० मिनिटं, त्यात २४ किलोमीटर, म्हणून ३६.

२० ची सरासरी हवी म्हटलं तर एकूण २ तास २४ मिनिटं. येताना उरतात २४ मिनिटं. मिनिटाला एक किलोमीटर, ताशी ६०.

आणि २४ ची सरासरी हवी असेल तर? ४८ किलोमीटर दोन तासांत. ते दोन तास तर गेटवर पोचतानाच संपले. परत यायला एक क्षणही उरला नाही. ट्रॅक्टरच काय, विमान आणलं तरी जमणार नाही. जाताना सांडलेला वेळ येताना भरून निघत नाही. मुलं मला म्हणायची, "बाई, जाताना १२ नं गेलो तर येताना ३६ नं आलं की २४ पडेल." पडत नाही, १८ च पडते.

रिकाम्या दोन ट्रॉल्या ३६ नं खड्ड्यात उसळतात, जोडाची पिन निसटते. वीस मिनिटांसाठी ते करू नका.

---

ट्रॉली_मिस्त्री (सोमवार, रात्री १०:२०)

बाईंना गणित कळतंय आणि ट्रॉली बी कळतीय. रिकामी ट्रॉली जोरात पळवली की मागची ट्रॉली शेपटी हाणती. हंगामात महिन्याला तीन-चार तरी हुक माझ्याकडं येत्यात वेल्डिंगला. भरलेल्याचं बी तसंच, १५ च्या वर नेलं की वळणावर कलंडती. मालक लोक म्हणायलेत वेग वाढवा, पण वाढवायचा कुठं ते सांगत न्हाईत. दादा, तुमचा रस्ता सगळा डांबरी हाय का पाणंद बी हाय?

---

मांजराकाठ (मंगळवार, सकाळी ६:३०)

सुरुवातीचे चार किलोमीटर पाणंद आहे, काळ्या मातीची. पुढं वीस किलोमीटर डांबरी. पाणंदीत भरलेला ट्रॅक्टर सहाच्या वर चालतच नाही. एका जागी चर आहे, तिथं मागची ट्रॉली एका बाजूला इतकी झुकते की वरच्या मोळ्या खाली पडतात आणि चालक उतरून त्या परत वर टाकतो. डांबरीवर पंधरानं जातो.

---

भरती२४तास (मंगळवार, सकाळी ७:०५)

मग जातानाही दोन वेग झाले. ६ आणि १५. २ × ६ × १५ = १८०, भागिले २१, म्हणजे ८.५७. दादा, तुमचा जातानाचा वेग १२ नाही, साडेआठ आहे!

---

मांजराकाठ (मंगळवार, सकाळी ७:२०)

अहो पण टोकनवर तर दोन तासच येतायत. साडेआठनं गेला असता तर पावणेतीन तास लागले असते.

---

परभणीच्या_बाई (मंगळवार, सकाळी ८:१५)

भरतीवाल्या दादा, इथंच ते सूत्र फसवतं. ते फक्त दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे असले तरच चालतं. जाणं-येणं एकाच वाटेनं असतं म्हणून तिथं चालून जातं. इथं एक तुकडा चारचा आहे आणि दुसरा वीसचा. मिनिटं मोजा: पाणंदीला चार किलोमीटर सहानं, ४० मिनिटं. डांबरीला वीस किलोमीटर पंधरानं, ८० मिनिटं. दोन्ही मिळून १२० मिनिटं, दोन तास. टोकनशी जुळलं. २४ भागिले २, बारा.

नुसतं निम्मं केलं असतं तर साडेदहा आले असते, तेही चूक, आणि या वेळी वेग खऱ्यापेक्षा कमी, म्हणजे वेळ जास्त आला असता. तुकडे असमान असले की चूक कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नाही. म्हणून मी मुलांना सूत्र सर्वात शेवटी द्यायची. तुमच्या भरतीच्या पेपरात "अर्धं अंतर" लिहिलंय की "एक तृतीयांश अंतर" हे आधी वाचा.

आणि दादा, तुम्हाला हवी ती वीस मिनिटं त्या चार किलोमीटरांतच पडली आहेत. पाणंद नीट झाली आणि तिथं सहाऐवजी बारानं जाता आलं, तर चाळीसची वीस मिनिटं होतील. कुणाला जोरात पळवायचं काम नाही.

---

भरती२४तास (मंगळवार, सकाळी ९:४०)

बाई, मान्य. मागच्या सराव पेपरात "निम्मा वेळ ४० नं, निम्मा वेळ ६० नं" असा प्रश्न होता, मी सूत्र लावून ४८ लिहिलं आणि चुकलं होतं. क्लासमध्ये विचारलं तर छपाईची चूक म्हणाले. आता कळलं, उत्तर ५० च होतं.

---

पिकअपवाला_जालना (मंगळवार, सकाळी ११:३०)

मी परवा चुकीचं वाचलं त्याबद्दल माफी. पण हे सगळं वाचून माझ्या डोक्यात एक आलं. मी पण डिझेलला १० आणि १५ चं निम्मं साडेबारा धरत आलोय. जालना मोंढ्यात माल टाकून परत यायला १२० किलोमीटर होतात, जाताना ६०, येताना ६०. जाताना ६ लिटर, येताना ४ लिटर. १० लिटरला १२० म्हणजे बाराचं अ‍ॅव्हरेज! साडेबारा नाहीच. हे पण तसंच आहे का?

---

परभणीच्या_बाई (मंगळवार, दुपारी १२:१०)

अगदी तसंच. तिथं तासांच्या जागी लिटर आले. भरलेली वाट डिझेल जास्त पिते, म्हणून सरासरी दहाच्या बाजूला झुकते.

---

पिकअपवाला_जालना (मंगळवार, दुपारी १२:२५)

आणि मोंढ्यात गाडी चालू ठेवून नंबरला उभं राहतो, तेव्हा डिझेल जळतं पण किलोमीटर शून्य. ते कुठं धरायचं? भाडं ठरवताना मालवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, उभ्या गाडीचे पैसे कसले.

---

बालाघाटची_लेक (मंगळवार, दुपारी १२:५०)

तेच मी म्हणत होते. वाहतुकीचा दर किलोमीटरवर आणि टनावर ठरतो, रांगेवर नाही. ते सव्वाचार तास कुणाच्याच हिशोबात येत नाहीत, चालकाच्या तर नाहीच. दादा, तुम्ही चालकाला खेपेवर पैसे देता की दिवसावर?

---

मांजराकाठ (मंगळवार, रात्री ९:३०)

ताई, खेपेवर. आणि ते बरोबर आहे का याचं उत्तर माझ्याकडं आज नाही. रांग लांबली की त्याचं नुकसान होतं, माझं पण होतं. पुढच्या पंधरवड्याला त्याच्याशी बसून बोलणार आहे.

आज एवढं केलं. मुकादमाला फोन करून दिवसाला दोन खेपांचा शब्द दिला आणि टोळीनं तेवढाच ऊस तोडावा असं ठरलं. पाणंदीच्या चरात संध्याकाळी दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, उद्या रोलर फिरवायचा आहे. शेजारच्या दोघांनी अर्धा खर्च उचलला, त्यांच्याही ट्रॉल्या त्याच वाटेनं जातात.

चालक रात्रीच्या खेपेला निघायच्या आधी त्याला वही दाखवली. पहिलं पान, "जाणे २ तास, येणे १ तास". माझी चूक होती म्हणून सांगितलं. त्यानं पान बघितलं आणि म्हणाला, "मालक, मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो, भरल्या ट्रॉलीला दोन तास, रिकाम्याला एक. तुम्ही मधीच १८ कुठून आणलं ते मला कळत नव्हतं."

निघाला ८:४० ला. पाणंदीत मुरूम अजून दबलेला नाही, म्हणून टोकन १०:४० चंच येईल असं धरलंय.